फ्लॅटच्या साठेखताचं एक पानी टाचण: ताबा, व्याज, हप्ते आणि रद्दीकरण कसं वाचायचं

गेल्या पावसाळ्यात माझी भाची साठेखताचा मसुदा घेऊन घरी आली. सांगलीत विश्रामबागच्या पुढे, मिरजेच्या बाजूला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. किंमत ४० लाख, कार्पेट एरिया ६४० चौरस फूट. मसुदा ६८ पानांचा होता. ती शिक्षिका आहे, वाचायला कंटाळणारी नाही. तरीही म्हणाली, "मामा, दोन रात्री बसून सगळं वाचलं, पण ताबा कधी मिळणार म्हणून यांनी विचारलं तर मला एक तारीख सांगता येईना."

मी सांगलीत बँकेच्या गृहकर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. असे मसुदे रोज हातात यायचे. सगळी पानं सारख्याच लक्षानं वाचली तर माणूस दमतो आणि जिथं पैसा अडकतो ती चार कलमं नजरेखालून तशीच निघून जातात. म्हणून मी एक कोरा कागद घेऊन टाचण काढायला बसतो. भाचीबरोबर ते कसं केलं, तेच इथं क्रमानं लिहितो. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ते जसंच्या तसं करता येईल.

टाचण कसं आखायचं

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात करार काय म्हणतो ते आपल्या शब्दांत, दुसऱ्यात पान आणि कलम क्रमांक, तिसऱ्यात आपली शंका. दोन नियम मात्र पाळायचे. जिथं मुदत आहे तिथं कॅलेंडरवरची तारीख लिहायची आणि जिथं टक्के आहेत तिथं रुपये लिहायचे. "सहा महिन्यांची वाढीव मुदत" असं लिहू नका, "३० जून २०२८" असं लिहा. "दहा टक्के कपात" असं लिहू नका, "चार लाख रुपये" असं लिहा. टक्क्यात वाचलेली गोष्ट अंगावर येत नाही, रुपयात लगेच येते.

हे सगळं दस्त नोंदवण्याआधी करायचं, म्हणजे मसुद्यावर. दुय्यम निबंधकांकडे अंगठा आणि फोटो झाल्यावर टाचण काढलं तर ते फक्त माहितीपुरतं उरतं. बिल्डर म्हणाला की आधी सहा लाख भरा, मग मसुदा देतो, तर थांबा. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१६ मध्ये झालेल्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेताच येत नाही. ४० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ४ लाख होते.

आधी महारेराचं पान उघडा

टाचणाची पहिली ओळ साठेखतातून येत नाही. ती महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरून येते. जाहिरातीवर किंवा साइटच्या फलकावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक असतो, क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. त्यावरून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, बिल्डरनं स्वतः जाहीर केलेली प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख. दुसरी, त्यानं तिथं चढवलेला साठेखताचा नमुना. सरकारच्या आदर्श मसुद्यात त्यानं कुठं बदल केला हे सांगणारं पत्रकही त्याला तिथं द्यावं लागतं. ते बहुधा इंग्रजीत असतं, पण चार-पाच पानांचंच असतं आणि ६८ पानांपेक्षा जास्त सांगून जातं.

आपल्याकडे एक अडचण नेहमी येते. सांगली-साताऱ्यात जुनी घरं पाडून त्या जागी सहा-आठ फ्लॅटची छोटी इमारत बांधायची पद्धत आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर त्या प्रकल्पाला महारेरात नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तिथं ते पान सापडणार नाही आणि खाली सांगितलेली रेराची कवचंही तशीच लागू होणार नाहीत. अशा ठिकाणी १९६३ चा जुना मोफा कायदा बघावा लागतो. त्यात करार नोंदवण्याआधी घ्यायच्या रकमेची मर्यादा २० टक्के आहे आणि ताबा दिला नाही तर परतफेडीवरचं व्याज ९ टक्के. छोट्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर टाचणाच्या डोक्यावरच "रेरा नोंदणी नाही" असं ठळक लिहा आणि वकिलाकडे जाताना ते आधी दाखवा. पुढचं सगळं मी नोंदणी असलेल्या प्रकल्पाबद्दल लिहितो आहे.

ताब्याची तारीख एक नसते

भाचीला तारीख सांगता येईना, कारण तिच्यासमोर तीन तारखा होत्या. माहितीपत्रकात होतं "दिवाळी २०२७". मसुद्याच्या पान २२ वर होतं ३१ डिसेंबर २०२७, पण त्याच कलमाच्या शेवटी "आणखी सहा महिन्यांची सवलतीची मुदत", म्हणजे ३० जून २०२८. महारेराच्या पानावर पाहिलं तर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीखही ३० जून २०२८ च होती. बिल्डरला स्वतःला कोणती तारीख खरी वाटते हे त्यावरून कळलं.

यातली दिवाळी सोडून द्या, माहितीपत्रकावर हिशेब मांडू नका. वजन साठेखतातल्या तारखेला आहे. महारेराकडे बिल्डरनं पुढची तारीख नोंदवली किंवा नंतर मुदतवाढ घेतली तरी तुमच्याशी करारात लिहिलेली तारीख त्यामुळे पुढे सरकत नाही. उशीर करारातल्या तारखेपासून मोजायचा, असं मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणून करारात तारीख कोरी सोडलेली असेल, किंवा "प्लिंथ झाल्यापासून तीस महिने" अशी असेल, तर सही करायची नाही. प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, कधी झाली हे ठरवणारा बिल्डरच असतो.

आता तारखेच्या खालचं, बारीक अक्षरातलं कलम वाचा. तारीख कोणत्या कारणांनी पुढे जाईल ते तिथं असतं. भाचीच्या मसुद्यात यादी अशी होती: युद्ध, दंगल, भूकंप, पूर, अतिवृष्टी, सिमेंट-स्टीलची दरवाढ, वाळूची टंचाई, मजुरांची टंचाई, वीज आणि पाण्याची जोडणी मिळायला लागणारा वेळ, "आणि बिल्डरच्या आवाक्याबाहेरचं इतर कोणतंही कारण".

शेवटचे ते पाच-सहा शब्द म्हणजे तारीख नसल्यातच जमा. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये ज्या आपत्ती मोजल्या आहेत त्या युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप आणि निसर्गानं आणलेलं असंच संकट एवढ्याच. आदर्श करारनाम्यात त्याशिवाय सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश येतो. वाळू आणि मजूर हा बिल्डरच्या धंद्याचा भाग आहे, दैवी संकट नाही. आपत्तीचं हे कलम मनाप्रमाणे बदलता येणार नाही असं महारेरानं डिसेंबर २०२२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

पुराचं मात्र सांगलीत वेगळं बघावं लागतं, कारण तो कायद्याच्या यादीतच आहे आणि आपल्याकडे तो येतोच. २००५, २०१९, २०२१ आपण सगळ्यांनी पाहिलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलेलं. पण कृष्णेला पूर आला म्हणजे शहरातल्या प्रत्येक साइटवर पाणी आलं असं नाही. गावभागातल्या आणि विश्रामबागपलीकडच्या जागेची उंची सारखी नाही. शहरात आठ दिवस पाणी होतं म्हणून वर कोरड्या राहिलेल्या साइटला सहा महिने मुदतवाढ, हे पटणारं नाही. म्हणून भाचीच्या टाचणाच्या तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: "पूर हवा, पण याच जागेवर काम प्रत्यक्ष जितके दिवस थांबलं तितकेच दिवस, आणि त्या वेळी लेखी कळवलं असेल तरच." साइट पूररेषेच्या आत आहे का हे महापालिकेत नगररचना विभागात विचारून घ्या. आत असेल तर तारखेचा प्रश्न दुय्यम ठरतो, पार्किंगमध्ये गाडी लावायची की नाही तो आधी येतो.

आणखी एक शब्द तपासायचा, तो म्हणजे खुद्द "ताबा". काही मसुद्यांत फर्निचरसाठी किल्ली देण्याला ताबा म्हटलेलं असतं. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र नसताना किल्ली घेतली की बिल्डरच्या कागदावर ताबा झाला, उशिराचं घड्याळ थांबलं, मेंटेनन्स सुरू झाला. तुमच्याकडे मात्र राहायला लागणारा अधिकृत कागद नाही. टाचणात असं लिहा: "ताबा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा." करारात तसं नसेल तर तसं लिहून घ्या. प्रमाणपत्र आल्यावर मात्र दोन महिन्यांच्या आत ताबा घेण्याची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर आहे, तिथं आपण रेंगाळायचं नाही.

उशीर झाला तर किती

या कलमावर मी सर्वांत जास्त वेळ देतो. दोन ओळी शोधायच्या असतात. बिल्डरला उशीर झाला तर तो तुम्हाला काय देणार, आणि तुमचा हप्ता चुकला तर तुम्ही त्याला काय देणार. त्या दोन ओळी दहा-बारा पानांच्या अंतरावर असतात, म्हणून वाचताना शेजारी येत नाहीत. टाचणावर त्या एकाखाली एक लिहा.

भाचीच्या मसुद्यात पान २३ वर होतं: ताब्याला उशीर झाल्यास दरमहा कार्पेट एरियाच्या प्रति चौरस फुटाला ५ रुपये. आणि पान ३५ वर: खरेदीदाराचा हप्ता थकल्यास वार्षिक १८ टक्के व्याज.

आता रुपये काढू. ६४० चौरस फूट गुणिले ५, म्हणजे महिन्याला ३,२०० रुपये. दहा महिने उशीर झाला तर ३२,०००. भाची सध्या भाड्यानं राहते, महिन्याचं भाडं ९,००० आहे. तेही यातून निघत नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. कलम १८ नुसार ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही आणि तुम्हाला फ्लॅट हवाच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला व्याज. ते तुम्ही भरलेल्या सगळ्या रकमेवर. दर महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत ठरवून दिला आहे: स्टेट बँकेच्या एमसीएलआरचा, म्हणजे बँकेच्या निधीच्या खर्चावरून ठरणाऱ्या कर्जदराचा, सर्वांत वरचा आकडा, अधिक २ टक्के. तो एमसीएलआर समजा ९ टक्के धरला तर व्याज ११ टक्के. तोपर्यंत ९० टक्के, म्हणजे ३६ लाख भरून झालेले असतील तर वर्षाचं व्याज ३,९६,००० आणि महिन्याचं ३३,०००. दहा महिन्यांचे ३,३०,०००.

३२ हजार कुठं आणि ३ लाख ३० हजार कुठं. भाचीनं आकडा दोनदा तपासला.

दुसरी ओळही अशीच. व्याजाची व्याख्या करताना कायद्यानं म्हटलं आहे की हप्ता थकला म्हणून बिल्डर जो दर लावेल तोच दर त्याची चूक झाली की त्याला लागू होईल. तेव्हा एकीकडे १८ टक्के आणि दुसरीकडे चौरस फुटाला पाच रुपये हे जमत नाही. दोन्हीकडे "नियमानुसारचा दर" एवढेच शब्द हवेत.

मग चौरस फुटाचं कलम राहिलं तरी कायदा आहेच की, असं कोणी म्हणेल. कायदा आहे हे खरं. पण करारात कमी रक्कम लिहिलेली असली की बिल्डर तेवढीच देऊ करतो आणि उरलेल्यासाठी तुम्हाला महारेराकडे तक्रार करावी लागते. तिथं आदेश मिळाला तरी पैसे लगेच हातात पडत नाहीत. बिल्डरनं आदेश पाळला नाही तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि वसुलीला किती वेळ लागेल हे बिल्डरकडे काय शिल्लक आहे यावर ठरतं. हा सगळा फेरा मसुद्यातली एक ओळ आधी बदलून टाळता येतो.

ताबा घेण्याच्या दिवशी एक पत्र पुढे येतं, "माझी कसलीही तक्रार वा येणं नाही" असं छापलेलं. किल्लीच्या आनंदात लोक सही करतात. उशीर झालेला असेल तर त्या पत्रावर हातानं "विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून" असं लिहा, मग सही करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

हप्त्यांचा तक्ता बेरीज करत वाचा

हप्ते वाचताना सगळे एकेक हप्ता वाचतात: प्लिंथला २०, स्लॅबला ४, प्लास्टरला ५. त्यातून काही कळत नाही. शेजारी चढत्या बेरजेचा रकाना काढा, म्हणजे त्या टप्प्यापर्यंत एकूण किती गेले. आदर्श करारनाम्यातल्या मर्यादाही अशा एकूण बेरजेतच दिल्या आहेत. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने आणि लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचं प्लंबिंग, प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीज झाल्यावर ९५. उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना.

भाचीच्या मसुद्यात बुकिंगला १० आणि कराराला २०, इथपर्यंत बरोबर. प्लिंथला २०, म्हणजे बेरीज ५०. सहा स्लॅबचे प्रत्येकी ४, म्हणजे ७४. पुढे ७९, ८५, ९०, ९७ आणि ताब्याला उरले फक्त ३. प्रत्येक टप्प्यावर पैसा कामाच्या पुढे पळत होता. प्लिंथलाच ५ टक्के जास्त, म्हणजे २ लाख. आणि शेवटी हातात राहणारी रक्कम २ लाखांऐवजी १ लाख २० हजार.

शेवटच्या रकमेवर माझा फार भर असतो. बँकेत असताना पाहिलंय, लिफ्टचं काम किंवा पार्किंगचे पेव्हर अर्धवट राहिले की ते तिथंच राहतात, कारण बिल्डरला आता फारसं येणं उरलेलं नसतं. तुमच्याकडे दोन लाख राहिलेले असले तर निदान फोन उचलला जातो.

मागणीपत्र आल्यावर काम खरंच झालंय का हे कसं बघायचं? प्रत्यक्ष जाऊन स्लॅब मोजा, तो मोजायला इंजिनिअर लागत नाही. दुसरं, बिल्डरला दर तिमाहीला महारेराच्या पानावर प्रगती भरावी लागते आणि आर्किटेक्टचा दाखला चढवावा लागतो. त्यात प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा प्रत्येक कामाची टक्केवारी असते. मागणीपत्रात "चौथा स्लॅब पूर्ण" आणि दाखल्यात तीनच, असं दिसलं तर पैसे देण्याआधी लेखी विचारा.

कर्ज घेणाऱ्यांनी या तक्त्याखालची मुदत नीट बघावी. भाचीच्या मसुद्यात मागणीपत्रापासून ७ दिवसांत पैसे भरायचे होते. बँकेत ते पत्र येणार, मूल्यांकन करणारा साइटवर जाणार, अहवाल देणार, मग रक्कम सुटणार. सात दिवसांत हे होईलच असं मी बँकेत असतानाही कोणाला सांगितलं नसतं. आठव्या दिवसापासून व्याज आणि शिवाय तुमच्या नावावर एक चूक जमा. पंधरा दिवस तरी मागून घ्या. जीएसटी प्रत्येक हप्त्यावर वेगळा लागतो, तोही टाचणात घ्या. आपल्यासारख्या महानगराबाहेरच्या शहरात ४५ लाखांपर्यंतचा आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा फ्लॅट परवडणाऱ्या घरांत बसतो, त्याला १ टक्का, एरवी ५ टक्के. भाचीच्या मसुद्यात सरसकट ५ लिहिले होते. ४० लाखांवर तो फरक १ लाख ६० हजारांचा.

रद्दीकरण: कोण रद्द करतंय ते आधी लिहा

मसुद्यात "रद्दीकरण" नावाचं एकच कलम असतं, पण टाचणावर त्याचे तीन भाग करा.

बिल्डरनं तारीख चुकवली म्हणून तुम्ही बाहेर पडलात तर कपात हा विषयच नाही. कलम १८ नुसार भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत. हा हक्क बिनशर्त आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात म्हटलं आहे. मसुद्यातलं कपातीचं कलम "कोणत्याही कारणानं रद्द केल्यास" अशा शब्दांनी सुरू होत असेल तर त्यात हाही भाग गुंडाळला जातो. तिथं "बिल्डरच्या कसुरीशिवाय अन्य कारणानं" असे शब्द घालून घ्या.

तुमच्या अडचणीमुळे रद्द करावं लागलं, म्हणजे बदली झाली, कर्ज नामंजूर झालं, घरात आजारपण आलं, तर काही कपात होणार हे धरून चाला. किती, हे तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात त्यावर आहे. साठेखत व्हायचं असून बुकिंगचं नुसतं वाटपपत्र मिळालेलं असेल तर महारेराच्या नमुना वाटपपत्रात पहिल्या १५ दिवसांत काही नाही, तीस दिवसांपर्यंत १ टक्का, साठपर्यंत दीड आणि त्यानंतर २ टक्के अशी कपात दिली आहे. साठेखत नोंदवल्यावरची रक्कम मात्र आदर्श मसुद्यात ठरवून दिलेली नाही, ती दोघांनी ठरवायची. म्हणूनच इथं बोलणी करायला जागा आहे. भाचीच्या मसुद्यात किमतीच्या १० टक्के होते, म्हणजे ४ लाख. आणि पुढे: "उर्वरित रक्कम सदर फ्लॅट अन्य ग्राहकास विकला गेल्यानंतर परत करण्यात येईल." ही ओळ ४ लाखांपेक्षा वाईट. फ्लॅट कधी विकला जाईल हे कुणाच्या हातात? तोवर तुमच्या कर्जावर व्याज चालूच. त्या ओळीच्या जागी "रद्द झाल्यापासून ३० दिवसांत" हवं. कर्ज असेल तर परत येणारा पैसा आधी बँकेकडे जातो हे लक्षात ठेवा. भरलेल्या मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो, पण त्याला मुदत असते आणि रद्दलेख नोंदवावा लागतो, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात त्याच आठवड्यात चौकशी करा.

तिसरा भाग, बिल्डर तुमचा करार रद्द करतो तो. आदर्श मसुद्यात हप्त्यांच्या तीन चुका झाल्यावरच, आणि तेही रजिस्टर पोस्टानं व ईमेलनं १५ दिवसांची नोटीस देऊन. तेवढ्यात थकबाकी भरली तर करार कायम. भाचीच्या मसुद्यात एकाच चुकीवर रद्द करण्याचा अधिकार होता. सात दिवसांच्या मुदतीबरोबर तो जोडून वाचा, म्हणजे बँकेचा माणूस रजेवर गेला तरी फ्लॅट जाऊ शकतो हे दिसेल. नोटिशीसाठी करारात दिलेला तुमचा पत्ता आणि ईमेल बरोबर आहे ना, तेही बघा. भाड्याचं घर बदललं आणि नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर ती पोचली असंच धरतात.

टाचण घेऊन बिल्डरकडे

आम्ही नऊ दुरुस्त्यांची यादी केली, प्रत्येकीसमोर पान आणि कलम क्रमांक. भाची आणि भाचेजावई दोघं ऑफिसात गेले. "वकील म्हणाले" असं नाही सांगितलं, कागद पुढे ठेवला आणि चौरस फुटाच्या पाच रुपयांचा हिशेब दाखवला. बिल्डरनं सहा सरळ मान्य केल्या: दोन्हीकडे नियमानुसार व्याज, प्लिंथपर्यंत ४५ टक्के, ताब्याला ५ टक्के, पैसे भरायला पंधरा दिवस, तीन चुकांनंतरच रद्दीकरण आणि जीएसटी नियमाप्रमाणे. वाळू-मजुरांचे शब्द काढायला दोन दिवस घेतले. विनाकसूर रद्दीकरणाची कपात ४ लाखांवरून १ लाखावर आली, पण रक्कम ३० दिवसांऐवजी ४५ दिवसांत, यावर तो हटला नाही. आम्ही ते सोडून दिलं.

तारखेवर सर्वांत जास्त ताणलं. शेवटी सवलतीची ओळ काढून टाकायची आणि ताब्याची एकच तारीख लिहायची, ३० जून २०२८, असं ठरलं. भाचीला आधी वाईट वाटलं, तारीख उलट सहा महिने पुढे गेली म्हणून. पण ती ३० जून आधीही मसुद्यात होतीच, फक्त खालच्या ओळीत. आता तिच्यापुढे जायला वाट नाही आणि कर्जाची, भाड्याची जुळणी त्याच तारखेवर करता येते.

शेवटची पायरी नोंदणीच्या दिवशीची. छापून आलेला अंतिम दस्त टाचण हातात धरून पुन्हा तपासायचा, फक्त दुसऱ्या रकान्यातली पानं उघडून. वीस मिनिटं लागतात. मिरजेच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बाकावर बसून भाचीनं ते केलं. पान २२, २३ ठीक. हप्त्यांचा तक्ता ठीक. पान ३५ वर १८ टक्के तसेच होते, जुन्या फाइलमधलं पान राहून गेलं होतं. बिल्डरच्या माणसानं शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते पान नवं छापून आणलं, जुनं तिच्यासमोर फाडलं आणि मग त्यांचा टोकन नंबर लागला.